ग्रीकमध्ये प्रेमाचे शब्द किती, आणि नवऱ्याला पाठवायचा कोणता?

प्रश्न: माझा नवरा एका ग्रीक कंपनीच्या बोटीवर सेकंड इंजिनिअर आहे. पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला दहा वर्षं होतायत आणि तेव्हा तो बोटीवरच असेल. त्याला ग्रीकमध्ये छोटासा मेसेज पाठवायचाय आणि त्यातलाच एक शब्द अंगठीच्या आतून कोरून घ्यायचाय. नेटवर प्रेमासाठी सात-आठ ग्रीक शब्द सापडले: एरॉस, फिलिया, स्टोर्गे, आगापे, प्रॅग्मा, लुडस, मेनिया वगैरे. प्रॅग्मा म्हणजे वर्षानुवर्षं मुरलेलं प्रेम, असं सगळीकडे लिहिलंय. नवरा-बायकोसाठी तोच बरोबर ना?

उत्तर: नाही, प्रॅग्मा अजिबात कोरू नका. अंगठीवर αγάπη घ्या. आजच्या ग्रीकमध्ये त्याचा उच्चार ‘अगापी’, जोर ‘गा’वर. मेसेजमध्ये त्याच शब्दाचं क्रियापद येऊ द्या आणि जोडीला एक वाक्य έρωτας, म्हणजे ‘एरोतास’च्या घरातलं. असं का, ते खाली सांगतो. तुमच्या नवऱ्याच्या आसपास ग्रीक माणसं असणार, ती हा मजकूर वाचणार, म्हणून तो त्यांच्या कानाला कसा लागेल हे आधी बघायला हवं.

प्रॅग्मापासूनच सुरुवात करू. πράγμα या शब्दाचा ग्रीकमधला अर्थ आहे वस्तू, बाब, काम, प्रकरण. प्राचीन ग्रीकमध्ये तो व्यवहाराचा आणि कोर्टकचेरीचा शब्द होता. आजही बाजारातून आणलेल्या सामानाला त्याचंच अनेकवचन वापरतात. प्रेम हा अर्थ त्याला कधीच नव्हता. ‘माझ्या प्रॅग्मा’ असं अंगठीत वाचलं तर ग्रीक माणसाला ते ‘माझ्या वस्तू’ असं ऐकू येईल. त्यातून या शब्दाचं बोलीतलं रूप ‘प्रामा’ चावट अर्थानेही वापरतात, म्हणजे इंजिनरूममध्ये आठवडाभर थट्टेला विषय.

मग हा शब्द प्रेमाच्या यादीत घुसला कसा? कॅनडातले समाजशास्त्रज्ञ जॉन अ‍ॅलन ली यांनी 1973 साली प्रेम करण्याच्या पद्धतींची एक वर्गवारी मांडली. त्यात एरॉस, लुडस आणि स्टोर्गे हे तीन मूळ प्रकार, आणि त्यांच्या मिश्रणातून मेनिया, प्रॅग्मा आणि आगापे. ही नावं त्यांनी सोयीसाठी घेतली होती. लुडस तर ग्रीकसुद्धा नाही, तो लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ खेळ. गंमत अशी की ली यांच्या वर्गवारीत प्रॅग्मा म्हणजे मुरलेलं प्रेम नव्हतंच. तिथे त्याचा अर्थ होता हिशेबी निवड: शिक्षण, घराणं, मिळकत, स्वभाव यांची मनातल्या मनात यादी करायची आणि त्यात बसेल असा जोडीदार शोधायचा. आपल्याकडे बायोडेटा आणि पत्रिका समोर ठेवून जे चालतं तेच. पुढे नेटवर एकाचं बघून दुसऱ्याने लिहिता लिहिता त्याचं ‘टिकाऊ प्रेम’ होऊन बसलं. ‘ग्रीकांकडे प्रेमाचे आठ प्रकार होते’ असं वाक्य दिसलं की ती यादी प्राचीन ग्रीसमधली नाही, गेल्या पन्नास-साठ वर्षांतली आहे, एवढं ओळखावं.

खरोखर ग्रीक आणि खरोखर प्रेमाचे असे शब्द चार. तेही कप्पे पाडून ठेवलेले नव्हते. 1960 मध्ये ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस यांनी याच चार शब्दांवर पुस्तक लिहिलं आणि तेव्हापासून एरॉस म्हणजे शरीराचं, फिलिया म्हणजे मैत्रीचं, स्टोर्गे म्हणजे घरातल्यांचं आणि आगापे म्हणजे देवाचं, ही विभागणी लोकांच्या डोक्यात पक्की बसली. प्रत्यक्ष ग्रीक लिखाण उघडलं की ती टिकत नाही, आणि नवरा-बायकोच्या बाबतीत तर मुळीच नाही.

होमरच्या इलियडमध्ये, नवव्या सर्गात, अकिलीस चिडून म्हणतो की जो कोणी भला आणि शहाणा असतो तो आपल्या बायकोवर प्रेम करतो आणि तिची काळजी घेतो. तिथलं क्रियापद फिलियाच्या धातूचं आहे. इतिहासकार हेरोडोटस सातव्या पुस्तकात सांगतो की इराणच्या दारयवहू राजाचं आपल्या सगळ्या राण्यांमध्ये आर्तिस्तोनेवर सर्वांत जास्त प्रेम होतं आणि त्याने तिची सोन्याची मूर्ती करवली होती. तिथे क्रियापद येतं ते स्टोर्गेच्या धातूचं, ज्याला सगळे ‘आई-मुलाचं प्रेम’ म्हणतात. बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रात ‘पतींनो, आपापल्या पत्नीवर प्रीती करा’ अशी आज्ञा आहे, ती आगापेच्या क्रियापदाने. आणि प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कने एरॉसवर जो संवाद लिहिला, त्यात लग्नाच्या बायकोबद्दलही एरॉस असू शकतो, असायला हवा, अशी बाजू हिरिरीने मांडली आहे. म्हणजे चारही शब्द नवरा-बायकोसाठी वापरलेले सापडतात. प्रश्न उरतो तो एवढाच, की यातला कोणता आज कोणता वास घेऊन येतो.

आगापेबद्दल एक गैरसमज फारच घट्ट आहे, तो आधी काढू. ‘आगापे म्हणजे निःस्वार्थ, दैवी प्रेम, नवऱ्याला कसं म्हणायचं?’ ही शंका हमखास येते. ख्रिस्ती परंपरेत त्या शब्दाला तो अर्थ मिळाला हे खरं. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’ असं मराठी बायबलमध्ये आपण वाचतो, तिथे मुळात आगापेच आहे. पण ख्रिस्ताच्या आधी ज्यू विद्वानांनी हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणले, तेव्हा गीतरत्नातल्या प्रियकर-प्रेयसीच्या प्रेमालाही त्यांनी हाच शब्द वापरला. ‘प्रेम मृत्यूसारखं बलवान आहे’, ‘पुष्कळ पाण्यालाही प्रेम विझवता येत नाही’, या आठव्या अध्यायातल्या ओळींत आगापे आहे आणि तिथे दैवी काही नाही, पुरुष आणि स्त्री आहेत. त्याच भाषांतरात अम्नोन नावाचा राजपुत्र आपल्या सावत्र बहिणीच्या मागे लागतो, तिच्यावर बळजबरी करतो, त्या भयानक प्रकरणातही हाच शब्द येतो. शब्द स्वतः सोवळा नाही. ज्याच्या तोंडी आहे आणि ज्याच्यासाठी आहे, त्यावरून त्याचा अर्थ ठरतो.

आजच्या ग्रीकमध्ये तर αγάπη हा प्रेमाचा सर्वसाधारण शब्द आहे. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे σ' αγαπώ, ‘सगापो’, जोर शेवटच्या ‘पो’वर. नवरा बायकोला, आई मुलाला, मित्र मित्राला, सगळे हेच म्हणतात. αγάπη μου, ‘अगापी मू’, ही रोजची हाक आहे. व्याकरणात हे नाम स्त्रीलिंगी आहे, तरी नवऱ्याला म्हणताना त्यात काही बदलत नाही. ‘पुरुषासाठी शेवट बदलायला हवा’ म्हणून कुणी त्याचं काही वेगळं रूप सुचवलं तर ऐकू नका.

हा शब्द इतका सर्वांना चालतो, हीच त्याची एक अडचण. αγάπη μου असं आजी नातवालाही म्हणते. म्हणून एकट्या शब्दात ‘नवरा’ दिसत नाही. तो रंग आणायला έρωτας आहे. प्राचीन एरॉसचं हे आजचं रूप. ‘इरॉटिक’ या इंग्रजी शब्दामुळे आपल्याकडे एरॉस म्हटलं की लोक बिचकतात. ग्रीकमध्ये मात्र तो प्रेमात पडण्याचा, वेड लागण्याचा राजरोस शब्द आहे. είμαι ερωτευμένη μαζί σου म्हणजे ‘मी तुझ्या प्रेमात आहे’. हे कोणी आईला किंवा मित्राला म्हणणार नाही, फक्त प्रियकराला किंवा नवऱ्यालाच. इथे लिंग पाळावं लागतं, आणि ते लिहिणाऱ्याचं: बाई लिहीत असेल तर ερωτευμένη, पुरुष लिहीत असेल तर ερωτευμένος. नेटवरून उचललेल्या वाक्यांत सर्वांत जास्त चुका इथेच होतात, कारण बहुतेक ठिकाणी पुरुषी रूप दिलेलं असतं आणि बायका ते तसंच चिकटवतात.

फिलियाचं काय करायचं? अरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या आठव्या पुस्तकात नवरा-बायकोच्या नात्याला फिलियाच म्हटलं आहे. ती निसर्गतःच असते, त्यात उपयोगही असतो आणि सुखही, आणि दोघं चांगली असतील तर एकमेकांच्या गुणांवरही ती उभी राहते, असं तो म्हणतो. विचार म्हणून सुंदर आहे. पण आज φιλία म्हणजे निव्वळ मैत्री. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला नवऱ्याला ‘तुला माझी मैत्री’ असं पाठवलं तर तो काळजीत पडेल. त्याच धातूचं φιλώ हे क्रियापद मात्र आज ‘मुका घेणे’ या अर्थाने उरलंय, आणि पत्राच्या शेवटी σε φιλώ, ‘से फिलो’, असं प्रेमाने लिहितात. म्हणून फिलियाला मेसेजमध्ये जागा आहे, पण ती सहीच्या आधीच्या ओळीत.

στοργή आज ‘स्तोर्यी’ असा उच्चारतात आणि त्यात माया, वात्सल्य आहे. एकटा वापरला तर आईवडिलांचा वाटतो. नवऱ्याला नको.

आता तुम्हाला जे प्रॅग्मामध्ये हवं होतं ते, म्हणजे दोघांनी मिळून वर्षानुवर्षं चालवलेलं घर. त्यासाठी ग्रीकमध्ये खरा आणि जुना शब्द आहे: ὁμοφροσύνη, ‘होमोफ्रोसिने’. ओडिसीच्या सहाव्या सर्गात तराफा फुटून किनाऱ्याला लागलेला ओडिसियस नौसिका या राजकन्येला आशीर्वाद देतो, की देव तुला नवरा देवोत, घर देवोत आणि ही होमोफ्रोसिने देवोत. पुढे तो म्हणतो की नवरा-बायको दोघं एका विचाराने घर चालवतात त्याहून चांगलं काही नाही. वैऱ्यांना त्याचा त्रास होतो, स्नेह्यांना आनंद. घरी परतायला धडपडणाऱ्या दर्यावर्दी माणसाच्या तोंडचं हे वाक्य आहे, तुमच्या नवऱ्याला ते आवडेल. फक्त हा शब्द आजच्या बोलण्यातला नाही, ग्रंथातला आहे, आणि दहा अक्षरांचा आहे. अंगठीत तो गिचमिड होईल. मेसेजखाली मराठीत दोन ओळींत ही गोष्ट सांगा, तिथे तो शोभेल.

एक गोष्ट मेसेज लिहिण्याआधी बघण्यासारखी आहे. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस गावच्या उकिरड्यात पपायरसवरची हजारो ग्रीक कागदपत्रं सापडली. त्यात इसवी सन पूर्व 1 सालचं एक पत्र आहे: हिलारिऑन नावाचा माणूस कामासाठी अलेक्झांड्रियात आहे आणि बायको आलिसला लिहितोय. सुरुवातीला तो तिला ‘बहीण’ म्हणतो. आपल्याला दचकायला होईल, पण त्या काळच्या इजिप्तमधल्या ग्रीक पत्रांत बायकोला असं संबोधणं सर्रास होतं. बाळाची काळजी घे, पगार मिळाला की लगेच पाठवतो, असं तो लिहितो. मुलगी झाली तर टाकून दे, असंही निर्विकारपणे लिहितो, आणि त्या एका ओळीसाठीच हे पत्र कुप्रसिद्ध आहे. पण शेवटी आहे: ‘मला विसरू नकोस, असा निरोप तू पाठवलास. मी तुला कसा विसरेन?’ संपूर्ण पत्रात प्रेमाच्या चारपैकी एकही नाम नाही. खरी माणसं खऱ्या पत्रात भाववाचक नामं फारशी लिहीत नाहीत, क्रियापदं लिहितात. ‘आपल्यामधलं आगापे आणि एरॉस’ अशी रचना केली की मजकूर निबंधासारखा होतो. अंगठीत जागा कमी म्हणून तिथे नाम ठीक, मेसेजमध्ये क्रियापद.

तर मेसेज असा:

```
Χρόνια μας πολλά, αγάπη μου.
Δέκα χρόνια μετά, είμαι ακόμα ερωτευμένη μαζί σου.
Σ' αγαπώ. Μου λείπεις.
Σε φιλώ
```

उच्चार साधारण असा: ‘ख्रोन्या मास पोला, अगापी मू. देका ख्रोन्या मेता, इमे अकोमा एरोतेव्हमेनी मझी सू. सगापो. मू लीपिस. से फिलो.’ पहिली ओळ शुभेच्छेची, ‘आपल्याला पुष्कळ वर्षं लाभोत’. वाढदिवसाला आणि सणालाही ‘ख्रोन्या पोला’ म्हणतात, मधला ‘मास’ घातला की ते दोघांचं होतं. दुसरी ओळ: दहा वर्षांनंतरही मी तुझ्या प्रेमात आहे. तिसरीत ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ आणि ‘तुझी फार आठवण येते’. चौथीनंतर तुमचं नाव. नवरा बायकोला पाठवत असेल तर फक्त ερωτευμένη च्या जागी ερωτευμένος करायचं, बाकी सगळं तसंच. ‘प्रिय’ असं सुरुवातीला हवंच असेल तर नवऱ्याला αγαπημένε μου आणि बायकोला αγαπημένη μου. इथे मात्र शेवट ज्याला लिहितोय त्याप्रमाणे बदलतो.

टाइप करताना फोनच्या सेटिंगमध्ये Ελληνικά हा कीबोर्ड जोडा. स्वराचं अक्षर दाबून धरलं की डोक्यावरच्या रेघेचं अक्षर मिळतं. ही रेघ म्हणजे जोराची खूण. ती सोडली तर शब्द कळतो, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकवल्यासारखं दिसतं. लॅपटॉपवर ग्रीक मांडणीत अर्धविरामाची कळ आधी दाबायची आणि मग स्वर. कळा अशा:

```
αγάπη      a g ; a p h
σ' αγαπώ   s ' स्पेस a g a p ; v
```

शब्दाच्या शेवटी येणारा ‘स’ वेगळा असतो, ς, तो w कळेवर आहे. सुरुवातीला आणि मध्ये σ. μας आणि μου λείπεις मध्ये तो येतो, तेवढं तपासा. आणखी एक: ν दिसतो इंग्रजी ‘व्ही’सारखा, पण आहे ‘न’, ρ दिसतो ‘पी’सारखा, पण आहे ‘र’. इंग्रजी कीबोर्डवरून दिसायला सारखी अक्षरं जुळवून शब्द बनवायचा प्रयत्न करू नका. पडद्यावर खपून जातं, पण फॉन्ट बदलला की काही अक्षरं एका वळणाची आणि काही दुसऱ्या, असं होतं.

बोटीवरची मेल यंत्रणा जुनी असेल तर ग्रीक अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन उमटू शकतात. आधी नुसता एक शब्द पाठवून बघा. बिघडत असेल तर मजकुराचा कमी आकाराचा फोटो पाठवा, नाहीतर सरळ S'agapo असं लिहा. ग्रीक तरुण आपसात असं इंग्रजी अक्षरांतलं ग्रीक वापरत आलेत, त्यात काही गावंढळ नाही.

अंगठीसाठी दोन पर्याय: छोट्या अक्षरांत αγάπη, किंवा मोठ्या अक्षरांत ΑΓΑΠΗ. सगळी अक्षरं मोठी असली की जोराची रेघ घालत नाहीत, त्यामुळे Ά असं कोरून घेऊ नका. छोट्या अक्षरांत मात्र ती हवीच. एखाद्या प्राचीन ग्रंथातून शब्द उचलला तर तो ἀγάπη असा येईल, पहिल्या अक्षरावर स्वल्पविरामासारखी खूण असलेला. 1982 पर्यंत ग्रीसमध्ये अधिकृत लेखन असंच होतं. ते चूक नाही, उलट अंगठीवर जुनं वळण छान दिसतं. पण मेसेज आजच्या पद्धतीत आहे, म्हणून दोन्हीकडे एकच पद्धत ठेवलेली बरी.

कोरणाऱ्याला शब्द तोंडी सांगू नका, ‘आगापे’ असं इंग्रजीत लिहूनही देऊ नका. बहुतेक लपेटदार फॉन्टमध्ये ग्रीक अक्षरं नसतातच. मशीनचं सॉफ्टवेअर मग गुपचूप दुसरा फॉन्ट घेतं किंवा अक्षर गाळतं. ग्रीक असलेल्या साध्या फॉन्टमध्ये शब्द मांडून त्याचं पीडीएफ द्या आणि कोरण्याआधी नमुन्याचा फोटो मागवा. त्या फोटोत दोन अक्षरं नीट बघा. Γ ला वरची आडवी रेघ उजवीकडे असते. उलटी लावली तर तो ‘एल’ होतो आणि दोन्हीकडे ओढली तर ‘टी’. आणि शेवटचं Η हे ‘एच’ दिसतं म्हणून कोणी ‘स्पेलिंग चुकलंय’ असं समजून त्याचं ‘ई’ करत नाही ना, तेवढं कोरणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.